शीर, नस, स्नायुबंध: अ‍ॅनाटॉमीच्या वहीतला मराठी रकाना कसा भरायचा?

तापीकाठ
नमस्कार मंडळी. मी एमबीबीएस फर्स्ट इयरला आहे. गाव यावल तालुक्यात, दहावीपर्यंत शाळा मराठी. अकरावी-बारावी सायन्स इंग्रजीतून झालं खरं, पण डोक्यात शिरतं ते अजून मराठीतूनच. म्हणून अ‍ॅनाटॉमीची वही दोन रकान्यांची केली आहे. डावीकडे पुस्तकातला इंग्रजी शब्द, उजवीकडे मला कळेल असं मराठी. पाठ करताना उजवा रकाना वाचते, पेपरात डावा लिहायचा.

मागच्या आठवड्यात व्हायवाला ही वही माझ्यावरच उलटली. मनगटाच्या पानावर मी दोन महिन्यांपूर्वी लिहिलं होतं ते जसंच्या तसं देते:

"मनगटावरच्या स्नायुबंधाच्या खालून ९ स्नायुबंध आणि मधली शीर जाते. वरून एक लांब स्नायुबंध जातो."

लिहिलं त्या दिवशी सगळं कळत होतं. सरांनी विचारलं, कार्पल टनेलमधून काय काय जातं? मी ठणकावून सांगितलं, नऊ लिगामेंट आणि मीडियन व्हेन. सर थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "व्हेन दबल्यावर बोटांना मुंग्या कशा येतात ते सांग." मला सांगता येईना. खोलीत आल्यावर पुस्तक उघडलं तेव्हा कळलं, ते नऊ टेंडन आहेत आणि मीडियन नर्व्ह आहे.

मार्क गेले त्याचं फार नाही. बोलताना मला ते उत्तर चुकीचं वाटलंच नाही, त्याची धास्ती बसली आहे. अख्ख्या वहीत असं किती असेल? मराठी रकाना फाडून टाकू, की भरायची काही रीत आहे?

केळीचा_घड
फाडून टाक. मी सेकंड इयरला आहे, मीही हेच करून बसलो होतो. पेपर इंग्रजीत, व्हायवा इंग्रजीत, नाशिकचं विद्यापीठ काही मराठीत तपासत नाही. इंग्रजी शब्द देवनागरीत लिही आणि मोकळी हो.

आणि शीर-बीर लिहायचंच असेल तर सोपा नियम आहे. रोहिणी म्हणजे शुद्ध रक्त, लाल. नीला म्हणजे अशुद्ध रक्त, निळी. तिसरी ती नर्व्ह. कार्पल टनेलमध्ये १० टेंडन असतात बहुतेक, ९ नाही. परत बघून घे.

मास्तर_शिरपूर
मी शाळेत विज्ञान शिकवतो, वैद्यकातलं मला कळत नाही. पण शब्दांचं सांगू शकतो. शाळेच्या पुस्तकात टेंडनला स्नायुरज्जू आणि लिगामेंटला अस्थिबंध असे दोन वेगळे शब्द आहेत. स्नायूची दोरी आणि हाडांचा बंध, नावातच फरक दिसतो. ताई, तुमच्या वहीत दोन्हीकडे 'स्नायुबंध' आला कुठून? शाळेतला वाटत नाही.

तापीकाठ
सर, मोबाइलवरच्या हिंदी व्हिडिओंमधून आला. आमच्या बॅचला सगळे तेच बघतात, कारण मराठीत एवढं सविस्तर सापडत नाही. त्यात लिगामेंटला कुणी स्नायु म्हणतं, कुणी स्नायुबंधन. मी त्याचं स्नायुबंध केलं. आणि टेंडनच्या वेळी वाटलं, हा तर स्नायूचाच बंध, म्हणून तिथेही तेच लिहिलं.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
पोरी, तुझा रोग सापडला. मी डिसेक्शन हॉलमध्ये वीसेक वर्षं काढली, त्यात अर्धी आपल्याच भागातल्या मुलांसोबत. तुझी चूक मी दर बॅचला पाहिली आहे आणि ती आळशी मुलं करत नाहीत, वही लिहिणारी करतात.

मराठीत स्नायू म्हणजे मसल. हिंदीत मसलला पेशी म्हणतात, मांसपेशी. आणि आपल्याकडे पेशी म्हणजे सेल. हिंदीत 'स्नायु' लिगामेंटलाही म्हणतात, आणि जुन्या वळणाच्या हिंदीत नर्व्हलाही. एसटी स्टँडच्या भिंतीवर 'स्नायु दौर्बल्य' अशी जाहिरात पाहिली असशील, तिथे त्यांना नर्व्हच अभिप्रेत असते. म्हणजे एका अक्षराचाही फरक नसलेला शब्द बुऱ्हाणपूरच्या बाजूला एक, रावेरच्या बाजूला दुसरा. हिंदी व्हिडिओ बघ, जरूर बघ, मी मना करत नाही. पण त्यातलं नाम वहीत उतरवू नको. क्रियापद उतरव. काय कशाला बांधतं, काय कुठून कुठे जातं, ते घे.

केळीचा_घड, तुम्ही अर्धं बरोबर सांगितलंत. शुद्ध-अशुद्ध हा नियम पहिल्या हृदयाच्या लेक्चरलाच मोडतो. पल्मनरी आर्टरीत ऑक्सिजन कमी असलेलं रक्त असतं, तरी ती आर्टरीच, कारण ती हृदयाकडून निघते. गर्भाच्या नाळेतली व्हेन तर ऑक्सिजन भरलेलं रक्त आणते. तेव्हा रंग विसरा, दिशा धरा: हृदयाकडून की हृदयाकडे.

आणि टेंडन नऊच. बोटं वाकवणारे वरच्या थराचे चार, खालच्या थराचे चार, अंगठ्याचा एक. दहावा तुम्ही फ्लेक्सर कार्पाय रेडिआलिसचा धरलात. तो त्याच बाजूने जातो, पण ट्रॅपेझियमच्या खाचेतून स्वतःच्या वेगळ्या बोळातून. म्हणून त्याला टनेलमध्ये मोजत नाहीत.

केळीचा_घड
हां, रेडिआलिसच धरला होता मी. सर, मान्य. पण मुळात मराठी हवंच कशाला, हे अजून पटलेलं नाही.

भरीतप्रेमी
मी शिवणकाम करते, भुसावळला. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. तुम्ही जे टनेल म्हणताय ते हेच का? माझी नस दबली आहे असं सगळे म्हणतात. गोळी सांगाल का?

फिजिओ_धुळे
भरीतप्रेमी ताई, इथे कुणी गोळी सांगू नये आणि तुम्ही घेऊ नये. एकदा डॉक्टरांना दाखवा. पण तुमची करंगळी इथल्या प्रश्नाला फार उपयोगी आहे, म्हणून लिहिते. टनेलमधली मीडियन नर्व्ह अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू सांभाळते. करंगळी तिच्या ताब्यातच नाही. ती अल्नर नर्व्हची, आणि ती टनेलच्या आतून जात नाही, छताच्या वरून जाते. ती दबते ती बऱ्याचदा कोपराला. कोपर टेबलाच्या कडेला आपटलं की करंट बसतो ना, तीच. कापड सरकवताना कोपर मशीनच्या पाटावर टेकलेलं असतं का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता तापीकाठ, तुझ्यासाठी. ओपीडीत येणारा माणूस 'नस' या एका शब्दात चार वेगळ्या तक्रारी सांगतो. परवा साक्रीकडचे एक बाबा आले, "ताई, मनी नस चढी गयी, पाय बठ्ठा ताठर व्हई गया." ती नस म्हणजे पोटरीचा स्नायू आखडला. दुसऱ्या आजीच्या 'नसा फुगल्या', त्या व्हेन. तिसऱ्याची 'हार्टची नस ब्लॉक', ती आर्टरी. चौथ्याची कमरेची 'नस दबली', ती खरी नर्व्ह. विळा लागून 'नस तुटली' म्हणून येतात तेव्हा तर टेंडन, नर्व्ह, आर्टरी यांपैकी काहीही असू शकतं. तेव्हा बोट वाकतं का, टोचलेलं कळतं का, रक्त उडतं होतं की ओघळत होतं, हे एकेक बघावं लागतं.

म्हणून मला वाटतं, नस आणि शीर हे शब्द वहीच्या उजव्या रकान्यात नकोत. ते पेशंटच्या तोंडचे. त्यांच्यासाठी हवं तर तिसरा रकाना कर.

पारोळ्याचा_वैद्य
आमच्या बीएएमएसला हा घोळ दुहेरी आहे. सुश्रुतसंहितेत सिरा ७००, धमनी २४, स्नायू ९००, पेशी ५००, कंडरा १६ अशी मोजणी आहे. मॉडर्न अ‍ॅनाटॉमीच्या तासाला आमची मुलं सिरा म्हणजे व्हेन, धमनी म्हणजे आर्टरी, स्नायू म्हणजे लिगामेंट अशी सरळ जोडी लावून मोकळी होतात. मग प्रश्न पडतो, आर्टरी फक्त २४ कशा? जोडी लावायचीच चूक. त्या काळची विभागणी वेगळ्या कसोट्यांवर केलेली आहे, तिचा एकेक शब्द आजच्या एकेका शब्दावर बसत नाही. हिंदीवाल्यांनी मसलला पेशी म्हटलं ते संहितेला धरून आहे. मराठीने तो शब्द सेलला देऊन टाकला. दोघांपैकी चुकलं कुणी नाही, पण मधे सापडलं आपलं लेकरू.

ताई, तुम्ही एमबीबीएसच्या. संहितेतले शब्द तुमच्या रकान्यात आणूच नका. कंडरा हा शब्द मात्र टेंडनला बरा आहे, कारण मराठीत त्याला दुसरा अर्थ चिकटलेला नाही.

मास्तर_शिरपूर
वैद्यबुवा, तो शब्द आमच्या मुलांना परका वाटेल. स्नायुरज्जू निदान शाळेत वाचलेला असतो.

पारोळ्याचा_वैद्य
स्नायुरज्जूत परत 'स्नायू' आहे. हिंदी व्हिडिओ बघणाऱ्या मुलीला तिथेच ठेच लागली.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
तुमचं दोघांचं चालू द्या, मी मुलीच्या पानाकडे वळतो. पोरी, शब्द पारखायची एक रीत सांगतो. इंग्रजीतून मराठीत गेलीस की लगेच समाधान मानू नको. डावा रकाना हाताने झाक, फक्त मराठी वाच आणि परत इंग्रजीत ये. एकाच दारातून परत आलीस तर शब्द ठेव. दोन दारं उघडली तर शब्द बाद.

तुझ्याच वाक्यावर करून बघू. 'मधली शीर.' परत येताना शीर म्हणजे नर्व्ह किंवा व्हेन, दोन दारं झाली. तुला खटकलं का नाही, तर मीडियन नावाची व्हेन खरोखरच आहे. हाताच्या पुढच्या बाजूला कातडीखालून वर चढते. आणि कोपराच्या खळीत रक्त काढायला आपण जिथे सुई घालतो ती मीडियन क्युबिटल व्हेन. चुकीच्या दारामागेही ओळखीचंच घर निघालं, म्हणून तू बिनधास्त आत गेलीस. अशी चूक सगळ्यात वाईट, कारण बोलताना जीभ अडखळत नाही.

'स्नायुबंध' तर तीन ठिकाणी आहे. पहिल्या जागी तो फ्लेक्सर रेटिनॅक्युलम आहे, दुसऱ्या जागी नऊ टेंडन, तिसऱ्या जागी पामारिस लाँगसचा टेंडन. दोन वाक्यांत एक शब्द तीन कामं करतोय.

आणि आणखी एक खोट अजून कुणाच्या लक्षात आली नाही. 'वरून' आणि 'खालून'.

तापीकाठ
सर, वरून-खालून तर बरोबर आहे ना? रेटिनॅक्युलमच्या वरून पामारिस जातो, खालून बाकीचे.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
टेबलावर हात उताणा ठेवलास तर बरोबर. पण अ‍ॅनाटॉमीत माणूस उभा आहे, हात बाजूला सोडलेले, तळवे समोर. त्याच्या मनगटाच्या 'वर' काय? कोपर. म्हणजे मराठी 'वर' हा सुपीरिअरही आहे आणि सुपरफिशिअलही. 'खाली' हा इन्फीरिअरही आणि डीपही. 'आत' तर विचारू नको, मीडिअल, डीप, इंटर्नल तिघांनाही आपण आत म्हणतो.

आमच्या हॉलमध्ये मी यावर एक उपाय करायचो. वर-खाली-आत-बाहेर हे शब्द वहीत बंद. त्याऐवजी प्रत्येक दिशेला 'कडे' लावायचं. कातडीकडे, हाडाकडे. डोक्याकडे, पायांकडे. मधल्या रेषेकडे, किंवा तिच्यापासून लांब. हातापायांसाठी धडाकडे आणि बोटांकडे. मनगटाला तर अंगठ्याकडे आणि करंगळीकडे म्हटलं की काम झालं. 'कडे' लावलं की कुठल्या टोकाकडे ते सांगावंच लागतं, लपता येत नाही. कातडीकडे वाचलं की परत येताना सुपरफिशिअल सोडून दुसरं काही आठवतच नाही. इथे मराठी इंग्रजीपेक्षा सोपी पडते, केळीचा_घड यांनी नोंद घ्यावी.

केळीचा_घड
घेतली 🙂 हे मात्र मी चोरणार.

रावेर_पॅसेंजर
मी वैद्यकातला नाही, माझी मुलगी यंदा नीट देते आहे म्हणून वाचतोय. मध्य प्रदेशात २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये एमबीबीएस फर्स्ट इयरची हिंदी पुस्तकं निघाली ना? तशी मराठीत निघाली की हा प्रश्नच संपेल की.

फिजिओ_धुळे
त्या पुस्तकांतही वाक्यं हिंदी आणि संज्ञा बहुतेक इंग्रजीच, देवनागरीत लिहिलेल्या, अशीच रीत ठेवली आहे. म्हणजे घडभाऊ म्हणतात तेच. संज्ञा बदलायच्या नाहीत, समजावणं आपल्या भाषेत करायचं. तापीकाठच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

मास्तर_शिरपूर
पण मग देवनागरीत लिहिताना स्पेलिंगचं काय? मुलीला पेपरात रोमन अक्षरात लिहायचं आहे. 'पामारिस' लिहून लिहून सवय झाली की परीक्षेत एक एल की दोन, हे आठवणार नाही. आमच्याकडे सेमी-इंग्रजीची मुलं हेच करतात.

केळीचा_घड
सर, स्पेलिंगला इतकं कोण बघतं.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
बघतात. इलियम हे कमरेचं हाड आणि इलियम हा आतड्याचा भाग, देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. इंग्रजीत एका अक्षराचा फरक आहे, मधे आय की ई. ते अक्षर चुकलं तर हाडाच्या जागी आतडं येतं. पेरोनिअल आणि पेरिनिअल यांच्यातही देवनागरीत एका मात्रेचा फरक, वेगात लिहिताना हमखास चुकतो. एक पायाच्या बाहेरच्या बाजूला, दुसरा दोन मांड्यांच्या मधे. तेव्हा डावा रकाना रोमनमध्येच ठेव, पोरी. मास्तरांशी मी सहमत.

आता एक करून बघ. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला टेकव आणि मनगट थोडं आपल्याकडे वाकव. मनगटाच्या मधोमध एक दोरी तटतटून वर येते का?

तापीकाठ
उजव्या हाताला स्पष्ट येते. डाव्या हाताला काहीच नाही! बिघाड आहे का?

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
बिघाड नाही. ती पामारिस लाँगसची दोरी. साधारण १५ टक्के हातांत ती नसतेच असं पुस्तकं सांगतात, आणि नसल्याने पकडीत काही अडत नाही. म्हणून तर दुसरीकडे टेंडन जोडायचा असला की सर्जन हीच काढून वापरतात.

तुझ्या वहीतला गोंधळ आता हॉलमध्ये जाऊन बघ. मनगटाजवळ मीडियन नर्व्ह या दोरीच्या हाडाकडच्या बाजूला, किंचित अंगठ्याकडे सरकलेली असते. टनेलच्या साधारण ५ सेंटिमीटर आधी ती खोल थरातून कातडीकडे येते. ज्या देहात पामारिस नाही तिथे कातडी काढल्यावर मधोमध पांढरी दोरी दिसते ती नर्व्हच, आणि मुलं तिलाच पामारिस म्हणून पिन टोचतात. हीच गल्लत ऑपरेशन टेबलावर होऊन टेंडन समजून नर्व्ह कापल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. तुझी चूक वहीतली, ती हातातली, पण मूळ एकच.

ओळखायचं असं. टेंडन चकचकीत, मोत्यासारखा पांढरा, चपटा. बोटाने सरकवला तर कडक लागतो. धडाकडे माग काढलास की लालसर मांसात विरघळतो, आणि वाटेत त्याला फांदी फुटत नाही. नर्व्ह मळकट पिवळसर, अंगावर उभ्या रेघा, वरून केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या गेलेल्या. मागे कितीही जा, मांसात संपत नाही, आणि ती फांद्या देते. शेजारची आर्टरी कापली तर तोंड उघडं राहतं, भिंत जाड असते. व्हेन चपटी पडते, काळपट गुठळी दिसते, चिमट्याने ओढली की फाटते. या चौघांनाही आपल्या गावात नस म्हणतात.

फिजिओ_धुळे
सरांच्या वर्णनात उजव्या रकान्याचा मजकूर तयारच आहे. नाव न देता ओळख लिहायची. टेंडनसमोर 'मसलला हाडाशी बांधणारी दोरी', लिगामेंटसमोर 'हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा', नर्व्हसमोर 'हुकूम आणि खबर नेणारी तार'. परत येताना एकच दार.

केळीचा_घड
रेटिनॅक्युलमला मी 'घड्याळाचा पट्टा' लिहिलंय माझ्या वहीत. दोऱ्या दाबून धरतो, मनगटावर असतो. फिट बसतं.

फिजिओ_धुळे
काम बरोबर, जागा चूक. आपण घड्याळ बांधतो त्याच्या बोटांकडे तो आहे. मनगटावरची तळव्याजवळची शेवटची घडी बघ. तिथून तो सुरू होतो आणि तळव्याच्या बुडाशी पसरतो. आकार टपालाच्या तिकिटाएवढा. अंगठ्याकडे आणि करंगळीकडे दोन-दोन हाडांना टोकं बांधलेली. घड्याळाचा पट्टा लिहिलास तर टनेलचं इंजेक्शन अलीकडेच देशील.

आणि एक, व्हायवाला विचारतात म्हणून. टनेलमध्ये मीडियन नर्व्ह दबली तरी तळव्याची कातडी बहुधा बधिर होत नाही, बोटंच होतात. कारण तळव्याच्या कातडीची फांदी टनेलच्या आधीच निघते आणि रेटिनॅक्युलमच्या कातडीकडून जाते. इथे 'वरून जाते' लिहिलं असतंस तर पुन्हा फसली असतीस.

भरीतप्रेमी
ताई, मशीनच्या पाटावर कोपर टेकलेलं असतं हो, उजवं. दाखवते उद्या. आणि माझ्या दोन्ही हातांना दोरी येते 🙂

तापीकाठ
रात्री बसून ते पान नव्याने लिहिलं. डाव्या रकान्यात नावं रोमनमध्येच. उजवीकडे हे:

"तळव्याच्या बुडाशी तिकिटाएवढा आडवा पट्टा, चार हाडांना बांधलेला. पट्ट्याच्या हाडाकडे: बोटं वाकवणाऱ्या ९ दोऱ्या, ४ आणि ४ आणि अंगठ्याची १, शिवाय एक तार. ही तार अंगठ्याकडच्या साडेतीन बोटांची. पट्ट्याच्या कातडीकडे: एक दोरी, ती दर माणसात नसते, माझ्या डाव्या हातात नाही. करंगळीची तार आणि तिच्यासोबत हृदयाकडून आलेली नळी. तळव्याच्या कातडीची फांदी."

मग धाकट्या भावाला दिलं, तो दहावीला आहे. म्हटलं, हे वाचून चित्र काढ. दोऱ्या आणि तार बरोबर काढल्या. पट्टा मात्र मनगटाच्या मागच्या बाजूलाही गुंडाळून आणला, पूर्ण गोल. म्हणाला, "ताई, पट्टा म्हटल्यावर गोलच ना?" आता 'पट्टा' बाद करायचा का? आणि लिगामेंटलाही फिजिओ ताईंनी पट्टाच सांगितला आहे, म्हणजे परत दोन दारं.

पारोळ्याचा_वैद्य
पट्टी लिहा. पट्टी गुंडाळत नाहीत.

मास्तर_शिरपूर
जखमेची पट्टी गुंडाळतातच की.

केळीचा_घड
म्हणून म्हणतो, रेटिनॅक्युलमला रेटिनॅक्युलमच लिहा.

जुना_डेमॉन्स्ट्रेटर
झाकण म्हण. खाली हाडांची वाटी आहे, तिच्यावर ताणून बसवलेलं. मी तीसेक मुलांना तसं सांगितलं होतं, त्यातल्या दोघांनी काढता-घालता येतं असं समजून घेतलं. भावाला सांग, उद्या झाकण लिहून देते, परत काढ.